स्प्लिट टेन्साइलचा एक आकडा एकदम खाली का येतो? सिलिंडर फेकण्याआधी हे तपासा

एकाच घाण्यातले तीन सिलिंडर, तिघेही २८ दिवस एकाच टाकीत. क्यूब व्यवस्थित पास झालेले. स्प्लिट टेन्साइलला, म्हणजे सिलिंडर आडवा ठेवून वरच्या-खालच्या पट्ट्यांमधून दाबून उकलायच्या चाचणीला, मात्र दोन आकडे एकमेकांना धरून आणि तिसरा पार खाली. सांगलीत मी लॅब सांभाळतो आणि सातारा, कराड, मिरज या पट्ट्यातल्या साइट लॅबमधून सर्वात जास्त विचारणा याच तक्रारीची असते. विचारणाऱ्याचा पहिला संशय काँक्रीटवर असतो. बहुतेक वेळा दोष काँक्रीटच्या बाहेर निघतो.

लक्षणं

तिसरा आकडा खाली जाणं हे सगळ्यात ठळक लक्षण. तिघांच्या सरासरीपेक्षा एखादा १५ टक्क्यांहून जास्त लांब असेल तर मी तो संच संशयित धरतो. हा १५ टक्क्यांचा निकष आयएस ४५६ मध्ये दाब चाचणीच्या नमुन्यांसाठी आहे. स्प्लिटसाठी मी तो फक्त मोजपट्टी म्हणून वापरतो.

दुसरं लक्षण चिरेचं. चीर वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत सरळ व्यासावरून जायला हवी. ती बाजूला वळत असेल, किंवा एका टोकाला व्यासावर आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं सरकलेली असेल, तर भार जिथे हवा तिथे बसलेला नाही. तिसरं लक्षण म्हणजे पट्टीखाली काँक्रीटचा चुरा होणं, तिथून पाचरीसारखा तुकडा सुटणं आणि मगच सिलिंडर उकलणं. चौथं लक्षण कुणाला खटकत नाही: तिन्ही आकडे संशय यावा इतके जास्त. एम-३० च्या साध्या काँक्रीटला ४.५ आला की साइटवर आनंद होतो. मला तिथे आधी मशीनचा वेग आणि पट्टीची रुंदी बघावीशी वाटते.

दाबल्यावर ओढ येते कुठून

हे समजलं की खालची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आडव्या ठेवलेल्या सिलिंडरवर वरून P भार येतो. पट्टीच्या खाली हा भार सरळ खाली एका रेषेत जात नाही, तो पंख्यासारखा पसरतो. पंख्याच्या उजव्या अर्ध्या भागातला दाब तिरका, म्हणजे खाली आणि उजवीकडे ढकलतो. डावा अर्धा भाग तसाच डावीकडे ढकलतो. लवचिकतेच्या सिद्धांतानुसार या तिरक्या दाबांचा आडवा भाग मोजला तर एका बाजूला भरतो P/π, म्हणजे साधारण ०.३२ P. खालच्या पट्टीपाशी आधाराची प्रतिक्रियाही तेवढाच पंखा उलटा उघडते. त्यामुळे उजव्या अर्ध्या सिलिंडरला बाहेर ढकलणारं एकूण बल होतं 2P/π, आणि डाव्याला तेवढंच विरुद्ध दिशेला. हे दोन अर्धे धरून ठेवतं फक्त मधल्या उभ्या प्रतलातलं काँक्रीट. त्या प्रतलाचं क्षेत्रफळ व्यास गुणिले लांबी. भागाकार केला की सूत्र हातात येतं:

```
f = 2P / (π L D)
```

P न्यूटनमध्ये, L आणि D मिलिमीटरमध्ये घेतले की f न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मिळतो.

आता पुढचा प्रश्न. ही ओढ वरपासून खालपर्यंत सारखीच का असते? इथे शाळेतलं प्रमेय कामाला येतं: अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. सिलिंडरच्या गोल कडेवरचा कुठलाही बिंदू घ्या. तिथून वरच्या आणि खालच्या भारबिंदूंकडे काढलेल्या रेषा काटकोनात मिळतात. म्हणजे दोन पंख्यांचे दाब त्या बिंदूवर काटकोनात येतात, आणि हिशेब केला तर दोन्ही सारखेच निघतात, प्रत्येकी 2P/(πLD). कडेवर सगळीकडून सारखा दाब आल्यासारखी ही स्थिती झाली. पण खऱ्या सिलिंडरची गोल कड मोकळी आहे, तिला बाहेरून कुणी दाबत नाही. म्हणून खरा ताण काढायचा तर दोन पंख्यांमधून हा सर्वदिश दाब वजा करावा लागतो. दाब वजा करणं म्हणजे तेवढीच ओढ मिळवणं. भाररेषेवर दोन्ही पंख्यांचा दाब फक्त उभा असतो, त्याला आडवा घटक नसतो. त्यामुळे तिथे आडव्या दिशेत उरते ती नुसती ही मिळवलेली ओढ, आणि ती अख्ख्या व्यासावर एकसारखी.

पाचर ठोकल्यासारखं काँक्रीट फाटतं असं पुष्कळ जण समजतात. पट्टीखालची पाचर दिसते खरी, पण चांगल्या चाचणीत ती चीर पडल्यानंतर बनते. पाचर आधी बनली तर चाचणीच बिघडलेली असते.

मध्यबिंदूवर आडव्या ओढीच्या तिप्पट उभा दाब असतो. काँक्रीटला तो जड नाही, कारण ओढीच्या दहापट दाब ते सहज सोसतं. म्हणून ते आधी ओढीत हार मानतं. भारबिंदूकडे सरकलं की मात्र उभा दाब भराभर वाढतो. ओढ ३ न्यूटनची असेल तर मध्यावर दाब ९ चा, आणि कडेपासून १५ मिलिमीटर आत असताना ३० च्या घरात. त्याच्याही वर सूत्र अनंताकडे धावतं. प्रत्यक्षात तिथे पट्टी असते, ती भार थोडा रुंद पसरवते आणि कडेजवळच्या चिंचोळ्या भागात आडवी ओढ जाऊन उलट आडवा दाब येतो. मधला मोठा भाग मात्र शुद्ध ओढीतच राहतो.

ही पद्धत १९४३ मध्ये ब्राझीलच्या फर्नांदो लोबो कार्नेइरो यांनी मांडली, म्हणून तिला ब्राझिलियन चाचणी म्हणतात. रिओ दि जानेरोतलं एक जुनं चर्च काँक्रीटच्या रोलरवर सरकवता येईल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. रोलरवर वरून वजन आणि खालून आधार, म्हणजे नेमकी आपल्या सिलिंडरची अवस्था.

सूत्रामागच्या अटी ध्यानात ठेवा: भार पूर्ण लांबीवर सारखा, दोन्ही भाररेषा बरोबर समोरासमोर, पट्टी अरुंद, काँक्रीट सगळीकडे एकसारखं. पुढच्या सगळ्या तपासण्या यातली कुठली अट मोडली ते शोधण्यासाठी आहेत.

पहिली, फुकटची: फुटलेले अर्धे बघा

टेस्ट झाली की पोरं लगेच तुकडे ढिगाऱ्यावर टाकतात. ते आधी थांबवा. तिन्ही सिलिंडरचे अर्धे नंबर टाकून बाजूला ठेवा आणि वापरलेल्या पट्ट्याही त्यांच्यासोबत ठेवा. अर्ध्या भागाचं वजन सहा किलोच्या वर असतं, म्हणून पायात सेफ्टी शूज हवेत.

तीन गोष्टी बघायच्या. चीर आखलेल्या रेषेवरून गेली का. पट्टीवरचा ठसा पूर्ण लांबीभर सारखा उमटला का. आणि फुटलेल्या तोंडावर खडी तुटली आहे की तिची नुसती खाच राहिली आहे. पहिल्या दोन गोष्टी मशीन आणि मांडणीबद्दल बोलतात, तिसरी काँक्रीटबद्दल. अर्धं निदान इथेच होतं.

दुसरी: हिशेब

सूत्रातला २ विसरला की आकडा निम्मा येतो. व्यासाऐवजी त्रिज्या घातली की दुप्पट. किलोन्यूटनचं न्यूटन केलं नाही तर उत्तर इतकं विचित्र येतं की ती चूक लगेच पकडली जाते, धोका पहिल्या दोन चुकांचा. १५० बाय ३०० च्या सिलिंडरसाठी एक सोपा आकडा पाठ करून ठेवा: दर १ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला ७०.७ किलोन्यूटन भार लागतो. मशीनवर २१२ दिसला की ३.० हे तोंडीच सांगता यायला हवं.

व्यास आणि लांबी मोजून घाला हे खरं, पण व्यासात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी उत्तर सव्वा टक्क्यानेच हलतं. मोठी तफावत मोजमापातल्या चुकीवर ढकलू नका. मोजमापाचा खरा उपयोग वेगळाच आहे, तो पुढे उदाहरणात येईल.

तिसरी: पट्ट्या

प्लायवुड किंवा हार्डबोर्डची ३ ते ४ मिलिमीटर जाडीची पट्टी, प्रत्येक सिलिंडरला नवी जोडी. सिलिंडरची बाजू डोळ्यांना सरळ दिसली तरी तिच्यावर बारीक उंचवटे असतात. पट्टी दबून ते उंचवटे पोटात घेते आणि भार पूर्ण लांबीवर पोचवते. एकदा दबलेल्या पट्टीत मागच्या सिलिंडरचे खड्डे बसलेले असतात, दुसऱ्या सिलिंडरचे उंचवटे त्यात जुळणार नाहीत. म्हणून वापरलेली पट्टी परत वापरायची नाही. पट्टी न लावता थेट लोखंडी सळई ठेवणारेही मी पाहिलेत. तिथे पट्टीखालच्या चुऱ्याचं लक्षण हमखास दिसतं.

रुंदी हा दुसरा मुद्दा. अमेरिकन सी-४९६ मध्ये पट्टी २५ मिलिमीटर रुंद आहे, युरोपच्या १२३९०-६ मध्ये १०. पट्टी जितकी रुंद तितका भार पसरतो आणि मध्यावरची ओढ सूत्रापेक्षा कमी भरते. म्हणजे सिलिंडर फोडायला जास्त भार लागतो आणि आकडा खोटा वाढतो. २५ च्या पट्टीला हा फरक साधारण चार टक्के, १० च्या पट्टीला एक टक्क्याच्याही आत. रिपोर्टवर जे मानक लिहिता त्याचीच पट्टी कापा. सुताराकडून उरलेल्या प्लायच्या ५० मिलिमीटरच्या पट्ट्या आणल्या तर तुलनाच करता येणार नाही.

चौथी: आखणी आणि मांडणी

खाली पडलेल्या आकड्याचं कारण सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतं. दोन्ही टोकांवर व्यासाची रेषा आखायची आणि त्या दोन रेषा एकाच प्रतलात यायला हव्यात. बहुतेक जण एक टोक आखतात, सिलिंडर फिरवतात आणि दुसरं टोक अंदाजाने आखतात. मग वरची पट्टी एका टोकाला व्यासावर, दुसऱ्या टोकाला सरकलेली. खालची पट्टी तिच्या समोर नाही. सिलिंडरला फिरायची इच्छा होते आणि चीर पिळलेली निघते.

जिग नसेल तर सिलिंडर व्ही ब्लॉकमध्ये आडवा ठेवा, तो हलणार नाही असं बघा, आणि दोन्ही टोकांना ओळंब्याने किंवा लेव्हल लावलेल्या गुण्याने उभी रेषा केंद्रातून आखा. सिलिंडर दोन्ही आखण्यांच्या मध्ये अजिबात हलवायचा नाही. मग लांब पट्टीने वरची आणि खालची टोकं जोडून घ्या.

रेषा आखताना मोल्डचा सांधा कुठे आहे ते बघा. सांध्यावर काँक्रीटची बारीक कड उभी राहते. भाररेषा तिच्यावर आली तर अख्खा भार त्या कडेवर बसतो. सांधा भाररेषेपासून लांब, साधारण काटकोनात ठेवलेला बरा.

पाचवी: वेग आणि ओलावा

आयएस ५८१६ नुसार स्प्लिटसाठी वेग मिनिटाला १.२ ते २.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आता ही चाचणी आयएस ५१६ भाग १ विभाग १ मध्ये आली आहे. १५० बाय ३०० च्या सिलिंडरला हा वेग सेकंदाला १.४ ते २.८ किलोन्यूटन पडतो. क्यूबचा १४ न्यूटनचा वेग म्हणजे सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन. ऑपरेटरने सकाळी क्यूब तोडले आणि सेटिंग तसंच ठेवून सिलिंडर लावला, तर वेग कमाल मर्यादेच्या जवळपास दुप्पट होतो. भार वेगाने चढला की बारीक भेगांना वाढायला वेळ मिळत नाही आणि आकडा फुगतो. तपासायला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे: ३ न्यूटनचा सिलिंडर सव्वा ते अडीच मिनिटांत फुटायला हवा. चाळीस सेकंदांत फुटला तर सेटिंग क्यूबचंच आहे.

ओलाव्याचं थोडक्यात. टाकीतून काढून पुसून ओलाच तपासा. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये बाहेर तासभर ठेवलेला सिलिंडर वरून सुकतो, वरचा थर आकसतो, आत ओल राहते आणि भार लावण्याआधीच आत ताण तयार होतात. बीमच्या फ्लेक्शर टेस्टला याचा त्रास जास्त, स्प्लिटला कमी, कारण इथली चीर बहुतेक आतल्या काँक्रीटमधून जाते. पण तिघांपैकी एकच उन्हात राहिला असेल तर फरक दिसतोच.

सहावी: प्लेट पुरते का

आपल्याकडची बहुतेक सीटीएम क्यूबसाठी घेतलेली असतात. सिलिंडर ३०० लांब, आणि गोल प्लेट समजा २२० व्यासाची. दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटर सिलिंडर बाहेर लटकतो. तिथे पट्टी आहे पण पट्टीच्या मागे काही नाही, म्हणजे भार ३०० ऐवजी २२० वर येतो आणि सूत्रात तुम्ही ३०० घालता. अशा मशीनवर तिन्ही आकडे एकसारखे खाली येतात, म्हणून शंकाही येत नाही. काँक्रीटच कमकुवत म्हणून फाइल बंद होते.

उपाय म्हणजे मध्ये स्टीलचा बार. रुंदी किमान ५०, लांबी सिलिंडरइतकी, आणि जाडी किमान तेवढी जेवढा सिलिंडर प्लेटच्या बाहेर येतो, म्हणजे इथे ४० मिलिमीटर. बारीक बार टोकाला वाकतो आणि पुन्हा तेच होतं. बारचा तळ मशीनवर घासून सपाट केलेला हवा. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे काम होतं. बारचं वजन आकड्यात मिसळेल का, असं विचारतात. पाच किलोच्या आसपासचा बार म्हणजे ०.०५ किलोन्यूटन. विसरून जा.

एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका साइट लॅबच्या टेक्निशियनने फोन केला. "सर, क्यूबची सरासरी ३८ च्या पुढे आहे. तिघांतला एक सिलिंडर मात्र पडला. काँक्रीट तेच, दिवस तोच, मग एकच कसा?"

भार होते २१२, १४८ आणि २०५ किलोन्यूटन. म्हणजे ३.००, २.०९ आणि २.९०. सरासरी २.६६, आणि मधला तिच्याहून २१ टक्क्यांनी खाली. तुकडे ठेवले होते हे नशीब. फोटो मागवले. पहिल्या आणि तिसऱ्याच्या पट्टीवर ठसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद. दुसऱ्याच्या पट्टीवर ठसा एका टोकाला खोल, पुढे फिकट होत गेलेला आणि शेवटच्या ८० मिलिमीटरवर काहीच नाही. म्हणजे भार ३०० वर नव्हता, २२० वर होता.

हिशेबात L च्या जागी २२० घातला:

```
2 × 148000 / (π × 220 × 150) = 2.86
```

बाकी दोघांच्या शेजारचा आकडा. हा रिपोर्टवर लिहायचा नाही, कारण भार न लागलेल्या ८० मिलिमीटरमधलं काँक्रीटही थोडी मदत करतं आणि भार २२० वर सारखा होता असंही नाही. पण काँक्रीट निर्दोष आहे हे ठरवायला तो पुरेसा होता.

मग प्रश्न असा की भार एका टोकालाच का बसला. कॅलिपर लावायला सांगितला: दुसऱ्या सिलिंडरचा व्यास एका टोकाला १५१.५, दुसऱ्या टोकाला १५०. मोजमापाचा खरा उपयोग म्हणालो तो हाच. दीड मिलिमीटरने सूत्रातला आकडा हलत नाही, पण सिलिंडर निमुळता आहे हे कळतं. कारण मोल्डमध्ये होतं, खालच्या बोल्टचे आटे गेलेले आणि काँक्रीट भरताना सांधा तिथे उघडलेला. खरं तर एवढा निमुळतेपणा मशीनच्या वरच्या प्लेटने सांभाळून घ्यायला हवा. तिच्या मागे गोलाकार बैठक असते, ती किंचित कलते आणि भार सारखा करते. इथे बैठकीत सिमेंटची धूळ आणि वाळलेलं ग्रीस बसून ती जाम झाली होती. हाताने हलवून बघा म्हटलं, हलली नाही. दोन सरळ सिलिंडरना जाम बैठकीने काही फरक पडला नाही, निमुळत्याला पडला.

बोल्ट बदलला, बैठक साफ करून पातळ तेल लावलं. त्या संचाचा निकाल मात्र सदोष नमुना अशी नोंद करून बाद धरला, आकडा दुरुस्त केला नाही.

सातवी: आता काँक्रीट

वरचं सगळं ठीक असेल आणि तिन्ही आकडे खाली असतील तर फुटलेलं तोंड परत हातात घ्या. आपल्याकडची खडी काळ्या बेसाल्टची, कणखर. एम-३० सारख्या काँक्रीटमध्ये चीर खडीला वळसा घालून जाते हे नेहमीचंच, थोडे दगड तुटलेले आणि थोड्यांच्या खाचा. पण सगळ्याच खाचा गुळगुळीत असतील आणि सुटलेल्या दगडाला बोट लावल्यावर राखाडी धूळ लागत असेल, तर क्रशरची खडी न धुता वापरली आहे. धुळीचा थर सिमेंटला दगडाला चिकटू देत नाही. दाबात हा दोष झाकला जातो, कारण तिथे दगड एकमेकांवर टेकून भार नेतात. ओढीत टेकायला काही नसतं, सगळी भिस्त चिकटण्यावर. क्यूब पास आणि स्प्लिट नापास होण्याचं हे खरंखुरं कारण. खडी चाळून, धुऊन तोच मिक्स परत करा, फरक २८ दिवसांनी समोर येईल.

तोंडावर पोकळ्या दिसल्या तर सिलिंडर भरण्याकडे बघा. क्रश सॅण्डचं मिक्स खरखरीत असतं, नदीच्या वाळूच्या सवयीने कमी ठोकलं की ३०० उंचीच्या मोल्डमध्ये खालचा थर पोकळ राहतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

आकडा अजून पटत नसेल तर मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढा आणि तारखेबरोबर एक गोष्ट बघा: सगळ्यात खालचं तपासलेलं वाचन किती. २००० किलोन्यूटनच्या मशीनची तपासणी २० टक्क्यांपासून, म्हणजे ४०० किलोन्यूटनपासून सुरू झाली असेल, तर तुमचे १५० ते २५० मधले सगळे स्प्लिटचे आकडे तपासलेल्या टप्प्याबाहेरचे आहेत. क्यूबला तेच मशीन अचूक असेल, इथे ते चुकीचं असूनही कुणाला कळणार नाही. एनएबीएल मान्यता असलेल्या कॅलिब्रेशनवाल्याला बोलवा आणि खालच्या टप्प्याची वाचनं स्वतंत्र मागून घ्या. कमी क्षमतेचं दुसरं मशीन जवळ असेल तर एकाच घाण्यातले सिलिंडर दोन्हीकडे वाटून बघणं स्वस्तात पडतं.

भार चढताना काटा थबकत असेल, तेल पाझरत असेल, किंवा धरून ठेवलेला भार आपोआप उतरत असेल तर पंप आणि रॅमला हात लावू नका. तिथला दाब अंगावर येणारा असतो, ते काम कंपनीच्या सर्व्हिसवाल्याचं. गोलाकार बैठक बाहेरून साफ करणं ठीक, पण तेल लावूनही हलली नाही तर ठोकून मोकळी करायची नाही. तिचा पृष्ठभाग घासला गेला तर मशीनच बाद होतं.

आणि मांडणी, मशीन, सिलिंडर सगळं निर्दोष ठरूनही स्प्लिट कमी येत असेल, आणि ते काँक्रीट आधीच स्लॅबमध्ये, पुलाच्या गर्डरमध्ये किंवा रस्त्यात ओतलेलं असेल, तर पुढचा निर्णय लॅबचा नाही. कोअर घ्यायचे का, कुठून घ्यायचे, भार कमी करायचा का, हे स्ट्रक्चरल कन्सल्टंट ठरवेल. त्याला नुसता आकडा पाठवू नका. फुटलेल्या तोंडांचे फोटो, पट्ट्यांचे ठसे, व्यासाची मोजमापं, भार चढवायला लागलेला वेळ आणि सर्टिफिकेटची प्रत सोबत द्या. हे नसेल तर तो पहिला प्रश्न तुमच्या चाचणीवरच विचारेल.